गाळ्याच्या मालकांना दुरुस्तीचे पत्र : भाड्याच्या जागेत नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्यातील एका पेठेत माझे छपाई आणि बाइंडिंगचे लहानसे दुकान आहे. गाळा भाड्याचा आहे आणि मागच्या खोलीवर थेट उघडी गच्ची असल्यामुळे पावसाळ्यात स्लॅब गळू लागला. जुलैमध्ये कागदाची रिमे भिजली, तेव्हा रागाच्या भरात मी मालकांना दोन पानी पत्र लिहिले. त्यात गळती होती, वीजमीटरची तक्रार होती, दारासमोर लागणाऱ्या दुचाक्या होत्या आणि शेवटी ‘या परिस्थितीत भाडे कमी करावे’ अशी मागणीही होती. मालकांनी उत्तर दिले ते फक्त शेवटच्या वाक्याला : भाडे परवडत नसेल तर तसे सांगावे. गळतीचा विषय तेथेच बुडाला आणि तो पावसाळा बादल्या ठेवून काढावा लागला.

पुढच्या फेब्रुवारीत मी दुसरे पत्र लिहिले. ते एका पानाचे होते आणि त्यात मागणी एकच होती. मे महिन्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग पूर्ण झाले. या दोन पत्रांत काय फरक होता, ते पुढे क्रमाने लिहिले आहे. उदाहरण गळतीचे आहे. भाड्याच्या फेरविचाराचे पत्र शेवटी वेगळे घेतले आहे, कारण या दोन मागण्या एका कागदावर येऊ नयेत असे माझे ठाम मत झाले आहे.

लिहायला बसण्यापूर्वी जवळ काय हवे

- नोंदणीकृत कराराची प्रत आणि त्यातील दुरुस्तीविषयक कलमाचा क्रमांक
- मागील बारा महिन्यांच्या भाड्याच्या पावत्या किंवा बँकेतील नोंदी
- गळतीची तारीखवार टिपणे आणि छायाचित्रे
- निदान दोन कंत्राटदारांची लेखी कोटेशने
- मालकांचा करारात दिलेला पत्ता

1. तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी, ते आधी पाहा

बोलताना आपण सगळ्यालाच ‘भाड्याने घेतले’ म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. जुन्या पेठांतील पागडीचे किंवा वडिलोपार्जित भाडेकरारावर चालणारे गाळे साधारणपणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 खाली येतात. आजकाल नव्याने घेतलेले बहुतेक गाळे मात्र लिव्ह अँड लायसन्स करारावर असतात आणि तेथे तुम्ही भाडेकरू नसून लायसन्सी, म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी असलेले, असता.

पत्रात तुम्ही किती ठामपणे बोलू शकता, ते या फरकावर ठरते. अधिनियमाच्या कलम 14 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जागा चांगल्या आणि वापरण्यायोग्य स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने निदान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वळती त्या वर्षाच्या एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. महिना 24,000 रुपये भाडे असेल, तर वर्षाचे 2,88,000 आणि त्याचा चौथा हिस्सा 72,000 होतो. एका वर्षात त्यापुढे जाता येत नाही.

लायसन्सीला हा अधिकार आपोआप मिळत नाही. त्याचा आधार म्हणजे करारातील कलम आणि मालकांची लेखी संमती. माझा करार याच प्रकारचा होता. त्याच्या अकराव्या कलमात किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने आणि मुख्य बांधकामाची दुरुस्ती मालकांनी करावी, असे स्पष्ट लिहिले होते. पहिले पत्र लिहिताना मी हे कलम उघडूनही पाहिले नव्हते. नळाची चावी, दिव्याचा होल्डर, शटरला तेल-ग्रीस या गोष्टी किरकोळ म्हणता येतात. स्लॅब, बीम, बाहेरची भिंत आणि गच्ची ही मुख्य बांधकामात मोडतात. तुमच्या करारात हा भेद केलेला नसेल, तर पत्राचा सूर विनंतीचाच ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी हे कलम आवर्जून घालून घ्या.

याच वेळी मालक नेमके कोण आहेत, तेही तपासा. मूळ मालक निवर्तलेले असतात, भाडे थोरले चिरंजीव घेतात आणि जागा मात्र तिघा भावंडांच्या नावावर असते, असे जुन्या वाड्यांत आणि इमारतींत नेहमी आढळते. अशा वेळी पत्र सर्वांच्या नावे पाठवा. एकाने दिलेला होकार पुढे दुसऱ्याने अमान्य केला, तर केलेला खर्च तुमच्याच अंगावर राहतो.

2. पाणी कोठून येते, ते ठरवा

‘छत गळते’ एवढेच लिहिलेल्या पत्राला ‘बघतो’ एवढेच उत्तर येते. गळतीचे मूळ सांगता आले, तर जबाबदारीही निश्चित होते.

पाऊस लागला की ठिपकू लागते आणि उघडीप मिळाल्यावर एक-दोन दिवसांत थांबते, अशी गळती बहुधा गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून असते. बारमाही ओल, आणि तीही वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या खाली असेल, तर संशय नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपवर घ्यावा. भिंतीच्या पायथ्याशी दोन-तीन फुटांपर्यंत चढलेली आणि पांढरे मीठ फुटलेली ओल ही जमिनीतून वर येणारी असते. तिच्यावर गच्चीचे काम करून काहीच उपयोग होत नाही.

मी एक साधी गोष्ट केली, ती तुम्हालाही सुचवावीशी वाटते. छतावरील ओलीच्या डागाभोवती मी शिसपेन्सिलीने रेघ काढली आणि तिच्यावर तारीख घातली. पुढच्या मोठ्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला, तेव्हा दुसरी रेघ आणि दुसरी तारीख घातली. सप्टेंबरअखेर छतावर पाच रेघा झाल्या होत्या, एकीबाहेर एक. त्यांचे छायाचित्र मी पत्राला जोडले. माझ्या सगळ्या वर्णनापेक्षा त्या एका छायाचित्रावर मालक अधिक वेळ थांबले.

गाळा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत असेल, तर एक पायरी वाढते. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक पाइपची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे, तर न्हाणीघर किंवा सिंक यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करायचा असतो. तुम्ही संस्थेचे सभासद नसता, सभासद असतात तुमचे मालक. त्यामुळे सचिवांना परस्पर पत्र न देता, संस्थेकडे लेखी तक्रार करण्याची विनंती मालकांना करा आणि त्या तक्रारीचा मसुदा सोबत जोडा. मालकांना फक्त सही करावी लागली, तर काम लवकर पुढे सरकते.

3. पत्र जुलैत नव्हे, फेब्रुवारीत द्या

चालू पावसात गच्चीचे काम करता येत नाही, कारण कोबा घालायचा असो किंवा रासायनिक लेप द्यायचा असो, खालचा पृष्ठभाग कोरडा असावा लागतो. पुण्यात मान्सून साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो. त्याआधी काम, त्याचे क्युरिंग आणि गच्चीत पाणी साठवून घ्यायची चाचणी हे सर्व उरकायचे असेल, तर मालकांचा निर्णय मार्चअखेर हाती असायला हवा. पावसाळ्यात गळती सुरू झालीच, तर त्या वेळी केवळ ताडपत्री टाकण्याची परवानगी मागणारे चार ओळींचे पत्र द्या आणि तारखा टिपून ठेवा. मूळ मागणीचे पत्र उन्हाळ्याच्या तोंडावर द्या.

कोटेशने निदान दोन घ्या आणि ती एकाच कामाची असतील, याकडे लक्ष ठेवा. माझ्याकडे 280 चौरस फूट गच्चीसाठी 48,000 आणि 52,500 अशी दोन कोटेशने होती. दोन्हींत जुना फुटलेला कोबा काढणे, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा योग्य उतारासह घालणे, कडेला गच्ची आणि भिंत मिळतात तेथील कोपरे, म्हणजे वाटे, गोल भरून घेणे आणि शेवटी पाणी साठवून चाचणी देणे हे समाविष्ट होते. एका तिसऱ्या कंत्राटदाराने 19,000 सांगितले होते, पण ते नुसता वरून लेप मारण्याचे होते. असे कोटेशन पत्राला जोडू नका. मालक स्वाभाविकपणे त्यावरच बोट ठेवतील आणि पुढच्या जुलैत तुम्ही पुन्हा बादल्या लावत असाल.

4. पत्राचा मसुदा

माझे दुसरे पत्र नावे वगळून जवळजवळ जसेच्या तसे देत आहे.

> दिनांक : 10 फेब्रुवारी
>
> प्रति,
> मा. श्री. (मालकांचे पूर्ण नाव),
> (करारातील पत्ता)
>
> विषय : गाळा क्र. 3 च्या मागील खोलीवरील गच्चीची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी करून मिळण्याबाबत.
> संदर्भ : आपल्यातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (दस्त क्रमांक व दिनांक), कलम 11.
>
> महोदय,
>
> सादर नमस्कार. आपल्या मालकीचा वरील गाळा मी मागील दोन वर्षांपासून छपाई व बाइंडिंगच्या व्यवसायासाठी वापरत असून जानेवारीअखेरपर्यंतचे संपूर्ण भाडे वेळेत जमा केलेले आहे.
>
> मागील पावसाळ्यात मागच्या खोलीच्या छतातून गळती झाली. तिच्या तारखा व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पाऊस थांबल्यानंतर दोन दिवसांत गळती थांबत असल्याने ती गच्चीतून होत असल्याचे दोन्ही कंत्राटदारांचे मत आहे. छताचे प्लास्टर दोन ठिकाणी सुटले असून आतील सळई दिसू लागली आहे. आणखी एक पावसाळा असाच गेल्यास स्लॅबला हानी पोहोचून आपला खर्च वाढेल, अशी मला काळजी वाटते.
>
> कराराच्या कलम 11 नुसार मुख्य बांधकामाची दुरुस्ती आपल्याकडे आहे. तरी गच्चीचे वॉटरप्रूफिंग 15 मेपूर्वी पूर्ण करून द्यावे, ही विनंती. दोन कोटेशने (रु. 48,000 व रु. 52,500) आपल्या माहितीसाठी जोडली आहेत. आपल्या पसंतीच्या कंत्राटदाराकडून काम करून घेण्यास माझी काहीच हरकत नाही. कामाच्या दिवसांत जागा रिकामी करून देण्याची व्यवस्था मी करेन.
>
> हा खर्च एकरकमी करणे आपल्याला सध्या सोयीचे नसल्यास, आपल्या लेखी संमतीने तो मी करून दरमहा रु. 6,000 याप्रमाणे आठ महिन्यांच्या भाड्यातून वळता करण्यास तयार आहे.
>
> आपला निर्णय 28 फेब्रुवारीपर्यंत कळवावा. त्यापूर्वी जागेची पाहणी करावयाची असल्यास आपण सांगाल त्या वेळी मी उपस्थित राहीन.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, गाळा क्रमांक)
>
> सोबत : 1) गळतीच्या तारखांचे टिपण 2) सहा छायाचित्रे 3) दोन कोटेशने

या मसुद्यातील काही जागा मुद्दाम तशा आहेत. भाडे वेळेवर दिल्याचे वाक्य सुरुवातीलाच आहे, कारण मागणी करणाऱ्याचा हिशेब चोख आहे हे मालकांना पहिल्या परिच्छेदातच दिसले पाहिजे. माझ्या भिजलेल्या कागदाच्या किमतीचा उल्लेख त्यात नाही. नुकसानभरपाई हा वेगळा वाद आहे आणि तो उकरला की दुरुस्ती लांबते. सळई दिसू लागल्याचे मात्र लिहिले आहे, कारण गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते आणि ते नुकसान मालकांच्या मालमत्तेचे असते. ‘लवकरात लवकर’ असा शब्द कोठेही नाही. त्याऐवजी दोन तारखा आहेत, एक उत्तराची आणि एक कामाची. उत्तराची मुदत 15 दिवसांपेक्षा थोडी जास्त ठेवली आहे. तुम्ही अधिनियमाखालील भाडेकरू असाल, तर ही मुदत आवश्यकच आहे, आणि वळत्या करण्याच्या परिच्छेदात तुम्ही संमतीच्या शब्दाऐवजी कलम 14 चा उल्लेख करू शकता.

‘अन्यथा कायदेशीर कारवाई करावी लागेल’ हे वाक्य पहिल्या पत्रात घालू नका. त्याने मालक वकिलाकडे जातात, कंत्राटदाराकडे जात नाहीत.

5. पत्र पोहोचल्याचा पुरावा ठेवा

शक्य असेल तर पत्र स्वतः नेऊन द्या. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर ‘मिळाले’ असे लिहून सही व तारीख घ्या. वडीलधाऱ्या मालकांकडे सही मागणे अनेकांना अवघड वाटते. मी “काका, माझ्या फाइलला एक प्रत लागते,” एवढेच म्हटले आणि त्यांनी सही केली. सही मिळाली नाही, तर तेच पत्र स्पीड पोस्टाने करारातील पत्त्यावर पाठवा. पोहोच मिळाल्याचा पुरावा मागून घ्या आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आले, तर ते उघडू नका. बंद पाकीट हाच तुमचा पुरावा असतो. व्हॉट्सॲपवर पीडीएफ अवश्य पाठवा, पण ते टपालाला जोड म्हणून.

6. उत्तरानंतर

माझ्या मालकांचा नवव्या दिवशी फोन आला आणि रविवारी ते स्वतः गच्चीवर चढले. एकरकमी पैसे काढणे त्यांना जमणार नव्हते, म्हणून आठ महिन्यांची वळती मान्य झाली. तोंडी होकारावर मी काम सुरू केले नाही. पत्राच्या माझ्या प्रतीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘रु. 48,000 पर्यंतचा खर्च मार्चपासून दरमहा रु. 6,000 भाड्यातून वजा करण्यास संमती’ असे लिहून सही केली. ‘पर्यंत’ हा शब्द त्यांनी घातला आणि तो योग्यच होता.

वळती सुरू झाल्यावर पावती पूर्ण भाड्याची घ्या : भाडे 24,000, पैकी बँकेतून 18,000 व दुरुस्तीपोटी 6,000. नुसती 18,000 ची पावती राहिली, तर दोन वर्षांनी डिपॉझिट परत घेताना तो फरक थकबाकी म्हणून समोर येऊ शकतो. कंत्राटदाराची बिले आणि पावत्याही जपून ठेवा.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कंत्राटदाराने पन्हाळीचे तोंड बंद करून गच्चीत पाणी साठवले. दोन दिवस मी खालून पेन्सिलीच्या त्या पाच रेघांकडे पाहत होतो. डाग कोरडाच राहिला, तेव्हा मी शेवटचा हप्ता दिला. त्याआधी देऊ नये.

उत्तर आलेच नाही, तर मुदत संपल्यावर आठवड्याभरात पहिल्या पत्राचा दिनांक घालून अर्ध्या पानाचे स्मरणपत्र द्या. तेही निष्फळ ठरले, तर पुढचा टप्पा वकिलांमार्फत नोटिशीचा असतो. दोन गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका. पहिली, भाडे थांबवणे. थकबाकी झाली की तक्रारदाराच्या जागी तुम्ही कसूरदार ठरता आणि जागा खाली करून घेण्याचे कारण मालकांच्या हाती जाते. दुसरी, गच्चीवर परस्पर पत्र्याची शेड उभारणे. मालकांच्या लेखी संमतीशिवाय केलेले कायमस्वरूपी बांधकाम हेही अधिनियमाखाली ताबा मागण्याचे एक कारण आहे.

7. भाड्याच्या फेरविचाराचे पत्र

हे पत्र दुरुस्तीचा विषय मिटल्यावर, आणि शक्यतो वार्षिक वाढ लागू होण्याच्या दोन महिने आधी द्यावे. ‘धंदा मंदा आहे’ हे कारण मालकांना पटत नाही, कारण तेजीच्या वर्षात आपण त्यांना जास्त भाडे दिलेले नसते. न्यायालयातही ते सहसा टिकत नाही. 2020 च्या टाळेबंदीत दिल्लीच्या खान मार्केटमधील एका दुकानाच्या भाडेकरूने भाडे स्थगित करण्याची मागणी केली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि रक्कम भरण्याच्या वेळापत्रकात केवळ सवलत दिली. म्हणून कारण जागेशी निगडित असावे : रस्त्याच्या कामामुळे दर्शनी भाग सहा महिने बंद आहे, किंवा त्याच रस्त्यावरील तशाच गाळ्यांचे भाडे उतरले आहे. दुसऱ्या कारणासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमध्ये शेजारच्या दस्तांची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते. दलालांच्या सांगण्यापेक्षा तिचे वजन जास्त पडते.

भाडे कमी करा म्हणण्यापेक्षा ठरलेली वाढ एक वर्ष पुढे ढकला असे म्हणणे मालकांना मान्य करायला सोपे जाते. माझ्या करारात वार्षिक 5 टक्के वाढ होती, म्हणजे 24,000 चे 25,200. फरक महिन्याला 1,200 आणि वर्षाला 14,400 रुपयांचा. पत्रातील मुख्य परिच्छेद मी असा लिहिला होता :

> रस्त्याच्या खोदकामामुळे ऑक्टोबरपासून दुकानासमोरील वाहतूक बंद असून ग्राहकांना मागील बोळातून यावे लागते (छायाचित्रे सोबत). काम पुढील काही महिने चालणार आहे. करारातील अटी मला पूर्णपणे मान्य आहेत. तथापि, 1 एप्रिलपासून लागू होणारी 5 टक्के वाढ केवळ या एका वर्षापुरती स्थगित ठेवून भाडे दरमहा रु. 24,000 कायम ठेवावे, ही विनंती. त्या बदल्यात कराराची मुदत संपेपर्यंत जागा न सोडण्याची लेखी हमी देण्यास मी तयार आहे.

शेवटचे वाक्य तुम्हाला खरोखर पाळता येणार असेल तरच लिहा. मालकांनी वाढ स्थगित करण्यास मान्यता दिली, तर ती ‘माफ’ आहे की ‘पुढील वर्षी वसूल करावयाची’ आहे, आणि पुढची वाढ 24,000 वर मोजायची की 25,200 वर, हे त्याच कागदावर स्पष्ट करून घ्या, आणि त्याप्रमाणे पुरवणी करार करून त्याची नोंदणी करा.